दाराला दिशा नसते

मूळचे न्यूझीलंडचे न्यूरॉलॉजिस्ट ख्रिस्तोफर शॉ 1990च्या दशकात इंग्लंडला गेले आणि पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मोटर न्यूरॉन डिसीजवर काम करू लागले. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हात-पाय, बोलणं, गिळणं आणि अखेर श्वास अशी एकेक गोष्ट माणसाच्या ताब्यातून सुटते. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत येतो. अशा घराण्यांचं रक्त तपासताना 2009 साली शॉ यांच्या गटाला एफयूएस नावाच्या जनुकात दोष सापडले. त्याच वेळी बोस्टनमधल्या एका गटालाही तेच दिसलं.

एफयूएस हे 526 अमिनो आम्लांची माळ असलेलं प्रथिन आहे. पेशीच्या केंद्रकात राहून आरएनएची काटछाट सांभाळणं हे त्याचं काम. सापडलेले दोष माळेत वाटेल तिथे विखुरलेले नव्हते. बहुतेक दोष अगदी टोकाशी, शेवटच्या थोड्याशा मण्यांत दाटले होते. त्या टोकाला असं काय आहे?

उत्तरासाठी केंद्रकाच्या दारापाशी जावं लागतं. केंद्रकाभोवती दुपदरी पडदा असतो आणि त्या पडद्यात हजारो छिद्रं असतात. माणसाच्या पेशीतलं असं एकेक छिद्र सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या हजारभर प्रती जुळून बनतं. पेशीतल्या सर्वांत अवाढव्य बांधकामांपैकी हे एक. छिद्राच्या मधोमध काही प्रथिनांचे सैल, सतत हलणारे धागे लोंबत असतात आणि त्यांची दाट जाळी होते. लहान रेणू या जाळीतून सहज आरपार जातात. प्रथिन जसजसं मोठं, तसतसं ते अडतं. मोठ्या प्रथिनाला आत जायचं तर त्या धाग्यांशी अलगद चिकटत-सुटत पुढे सरकणारा वाहक लागतो. आत नेणाऱ्या अशा वाहकांना इम्पोर्टिन म्हणतात. एका छिद्रातून सेकंदाला हजाराच्या आसपास फेऱ्या होऊ शकतात, आणि एक फेरी काही मिलिसेकंदांत संपते.

एवढ्या गर्दीत कोणाला उचलायचं हे इम्पोर्टिन ओळखतं कसं? मालाच्या अंगावर अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम असतो, पत्त्याच्या शेवटी पिनकोड असावा तसा. एफयूएसचा हा क्रम माळेच्या अगदी शेवटी आहे. प्रोलिन आणि टायरोसिन हे त्याचे शेवटचे दोन मणी. इम्पोर्टिनांच्याच कुळातलं ट्रान्सपोर्टिन नावाचं प्रथिन हा क्रम वाचतं. ते स्प्रिंगसारखं वळलेलं असतं आणि त्याच्या आतल्या खोबणीत हे टोक नेमकं बसतं. म्हणजे घराण्यांतले दोष ज्या टोकाशी सापडले, तेच हे पत्त्याचं टोक.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. छिद्रातली जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच पार करता येते. इम्पोर्टिन आत जातं तसंच बाहेरही येतं. वाहकाला स्वतःची मोटर नसते. मग माल आत जाऊन तिथेच का राहतो?

दिशा ठरवतं ते रॅन नावाचं 216 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. रॅन कधी जीटीपीला धरून असतं, तर कधी जीडीपीला, आणि दोन्ही अवस्थांत त्याचा आकार वेगळा असतो. रॅनकडून जीडीपी सोडवून जीटीपी पकडायला लावणारं आरसीसी1 हे प्रथिन गुणसूत्रांना चिकटून बसलेलं असतं, म्हणजे फक्त केंद्रकात. उलट, रॅनला जीटीपीची फोड करून जीडीपी बनवायला लावणारं रॅनगॅप फक्त बाहेर असतं, आणि त्याचा बराचसा भाग छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशीच बांधलेला असतो. परिणामी केंद्रकात जीटीपीवालं रॅन भरपूर आणि बाहेर जवळपास नाहीच. पडद्याच्या दोन बाजूंमधल्या या उतारावर सगळी वाहतूक चालते.

एफयूएसला घेऊन ट्रान्सपोर्टिन आत पोचलं की त्याला जीटीपीवालं रॅन भेटतं. रॅन चिकटताच वाहकाचा आकार बदलतो, खोबणीतलं टोक सुटतं आणि एफयूएस मोकळं होतं. रॅनला घेऊन वाहक बाहेर येतो. तिथे रॅनगॅप जीटीपीची फोड करवतं, रॅनची पकड सुटते आणि रिकामा वाहक पुढच्या मालासाठी तयार होतो. जीडीपीवाल्या रॅनला एनटीएफ2 नावाचं वेगळं प्रथिन पुन्हा आत नेतं. बाहेर माल नेणारे एक्स्पोर्टिन हाच नियम उलटा वापरतात. रॅन-जीटीपी सोबत असेल तरच ते माल घट्ट धरतात, आणि बाहेर जीटीपीची फोड झाली की माल सोडून देतात.

दिशा खरोखर उतारातच आहे का, याची परीक्षा 1999 साली मॅक्सन्स नाचुरी आणि कार्स्टन वाइस यांनी घेतली. पेशींचा बाहेरचा पडदा सच्छिद्र करून त्यांनी केंद्रकाबाहेर रॅन-जीटीपी भरपूर वाढवलं, म्हणजे उतारच उलटा केला. त्याबरोबर वाहतूकही उलटी झाली. छिद्रं तीच होती, वाहक तेच होते, आणि आत जाणारा माल बाहेर येऊ लागला.

आता पुन्हा त्या घराण्यांकडे येऊ. पी525एल या दोषात डीएनएचं एकच अक्षर बदलतं आणि शेवटून दुसऱ्या मण्यात प्रोलिनऐवजी ल्युसिन येतं. छिद्रं ठीक असतात, रॅनचा उतारही ठीक असतो, पण ट्रान्सपोर्टिनची पकड ढिली पडते. एफयूएस बाहेर साचतं. पेशीवर ताण आला की तिथे प्रथिनं आणि आरएनए यांचे तात्पुरते पुंजके बनतात. त्यांत ते ओढलं जातं आणि पुढे त्याच्या गुठळ्या होतात. 2010 साली म्युनिकमधल्या गटाने वेगवेगळे दोष ताडून पाहिले. ज्या दोषात एफयूएस जास्त प्रमाणात बाहेर राहतं, त्यात आजार साधारण लवकर सुरू होतो. पी525एल हा त्यांतला सर्वांत कडक दोष. त्याचे रुग्ण अनेकदा विशीच्या आसपासचे किंवा त्याहूनही लहान असतात.

निदान करणाऱ्याला हे सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसतं. एफयूएसला रंगवणारं प्रतिपिंड निरोगी चेतापेशीत केंद्रक गडद करतं. आजारी पेशीत रंगाचे ठिपके केंद्रकाबाहेर पसरलेले दिसतात.

मात्र सगळे रुग्ण या एका गोष्टीत बसत नाहीत. एफयूएसचे दोष आनुवंशिक रुग्णांपैकी थोड्यांतच असतात. सुमारे 97 टक्के रुग्णांत बाहेर सापडतं ते टीडीपी-43 नावाचं दुसरं प्रथिन. त्याचा पत्ता वेगळं इम्पोर्टिन वाचतं आणि बहुतेक रुग्णांत तो पत्ता शाबूत असतो. तरीही प्रथिन केंद्रक सोडून का जातं, यावर ऑकलंड विद्यापीठात एमा स्कॉटर यांचा गट काम करतो. त्यांनी आधी लंडनमध्ये शॉ यांच्यासोबत काम केलेलं आहे. मरणोत्तर दान केलेले मेंदू जपणारी पेढी ऑकलंडमध्ये असल्याने हा शोध माणसाच्याच ऊतींवर घेता येतो.

एफयूएसच्या बाबतीत पत्ता दुरुस्त करण्याचं औषध आज नाही. म्हणून डॉक्टर दुसऱ्या टोकाने प्रयत्न करत आहेत. मणक्यातल्या द्रवात टोचायचा डीएनएसदृश छोटा तुकडा एफयूएसच्या आरएनएला चिकटतो आणि त्याचा नाश घडवतो, म्हणजे चुकीच्या जागी साचणारं प्रथिन मुळातच कमी बनतं. उलेफनर्सेन नावाच्या या औषधाच्या चाचण्या माणसांवर झालेल्या आहेत. ते दिल्याने काही रुग्णांची घसरण मंदावल्याचं दिसलं आहे, पण गेलेल्या चेतापेशी त्याने परत येत नाहीत. म्हणून ज्या घराण्यात हा आजार आहे, तिथे जनुक तपासणी लवकर करून घेण्याला अर्थ आहे.