काल रात्री मोबाइल कुठे होता?

शाळेतल्या समाजशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी मोबाइल हा विषय मुलं आवडीने घेतात. बहुतेकांच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही रोज किती तास मोबाइल पाहता?’ पुढे पर्याय असतात, मग रंगीत आलेख येतो आणि शेवटी निष्कर्ष, की मोबाइलमुळे झोप आणि अभ्यास बिघडतो. मेहनत खरी असते, पण पाया पहिल्याच प्रश्नात खचलेला असतो. रोज किती तास, हे कुणालाच ठाऊक नसतं.

२०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर त्यात ताडून पाहिला होता. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले असते तर सहसंबंध १ आला असता. तो आला सुमारे ०.३८. कुणी वापर फुगवून सांगतो, कुणी कमी करून. मोठ्यांचं हे होतं, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने ‘३ ते ४ तास’ या चौकटीत केलेली खूण कितपत धरायची?

मग फोनमधली नोंदच का घेऊ नये? अँड्रॉइडवर Digital Wellbeing आणि आयफोनवर Screen Time हे उघडलं की वापर दिसतो. अडचण अशी, की तो त्या फोनचा वापर असतो, त्या मुलाचा नव्हे. आपल्याकडे असंख्य घरांत एकच फोन दुपारी आईकडे, संध्याकाळी धाकट्याकडे आणि रात्री ताईकडे असतो. शिवाय दिवाणखान्यातला टीव्ही आणि मित्राच्या फोनवरचा खेळ त्या नोंदीत येतच नाहीत. म्हणून ही नोंद फक्त स्वतःचा फोन असलेल्यांकडून, पडताळणीपुरती घ्यावी. आधी अंदाज लिहून घ्यायचा आणि मग आकडा पाहायला सांगायचं. हा क्रम उलटला तर पडताळणीला अर्थ उरत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर हा स्वतंत्र, छोटा आणि उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

मुख्य प्रश्नावलीसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो ‘काल’ हा शब्द. रोजचं विचारलं की मूल सरासरी काढायला बसतं, कालचं विचारलं की आठवतं. काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने छापावेत. प्रत्येक रकान्यात काय करत होतो आणि समोर कोणता पडदा होता, एवढंच लिहायचं. क्लासचं व्हिडिओ लेक्चर आणि रील्स वेगळे दिसावेत यासाठी कशासाठी पाहत होतो, याचाही रकाना हवा. मंगळवारी आणि सोमवारी अशी दोनदा प्रश्नावली भरून घेतली तर शाळेचा एक दिवस आणि एक रविवार हाती लागतो. चाचणी परीक्षेचा किंवा गणपतीच्या सुट्टीचा आठवडा टाळावा.

झोपेबद्दल विचारताना ‘रात्री मोबाइल पाहिल्याने तुमची झोप कमी होते का?’ असं कधीच विचारू नये. उत्तर प्रश्नातच सांगितलेलं आहे, आणि मूल बाईंना आवडेल तेच लिहिणार. त्याऐवजी एका पानावर ‘काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात’ आणि दुसऱ्या पानावर ‘काल झोपताना मोबाइल कुठे होता : अंथरुणात, त्याच खोलीत, की दुसऱ्या खोलीत?’ एवढंच विचारावं. दोन्हींची सांगड अभ्यासकाने नंतर घालायची.

समजा, आठवी ते दहावीच्या सहा तुकड्या आहेत आणि पटावर ३६० मुलं. ओळखीच्या मित्रांनाच प्रश्नावली वाटली तर ती शाळेची पाहणी होत नाही. प्रत्येक तुकडीचा हजेरीपट घ्यावा, १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढावा आणि तिथून दर चौथा क्रमांक निवडावा. साधारण ९० नावं मिळतील. गैरहजर मुलाच्या जागी शेजारचा बसवू नये, दुसऱ्या दिवशी त्यालाच गाठावं. रात्री जागणारी मुलंच गैरहजर राहत असतील, तर ती गळाल्याने निकालच बदलतो.

पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही आवश्यक आहेत. प्रश्नावलीवर नाव नको. दोन दिवसांची पानं जुळवण्यासाठी मुलाने स्वतःच एक खूण तयार करावी, उदाहरणार्थ आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि घरक्रमांकाचा शेवटचा अंक. भरलेली पानं वर्गशिक्षकांच्या हाती न जाता बंद पेटीत पडावीत. पेटी नसेल तर उत्तरं सभ्य येतात, खरी येत नाहीत.

आता या कल्पित शाळेची ८४ पानं पूर्ण भरून आली असं धरू. फोन अंथरुणात असणारी ४० मुलं, त्यांतली २० आठ तासांपेक्षा कमी झोपली, म्हणजे ५० टक्के. फोन दूर ठेवणारी ४४, त्यांतली १४ कमी झोपली, म्हणजे ३२ टक्के. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात, म्हणून रेघ आठवर ओढली. फरक ठळक आहे आणि बहुतेक प्रकल्प इथेच निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

दहावी वेगळी काढली की काय होतं, ते पाहा. दहावीची २८ मुलं : फोन अंथरुणात असलेल्या २० पैकी १५ कमी झोपली, फोन दूर असलेल्या ८ पैकी ६. दोन्हीकडे ७५ टक्केच. आठवी-नववीत फोन अंथरुणात असलेल्या २० पैकी ५ आणि दूर असलेल्या ३६ पैकी ८, म्हणजे २५ आणि २२ टक्के. मोठा वाटलेला फरक जवळपास विरघळला. दहावीची मुलं उशिरापर्यंत क्लास आणि अभ्यास करतात, म्हणून कमी झोपतात, आणि फोनही त्यांच्याच अंथरुणात जास्त असतो. या शाळेत झोप फोनने नेली की दहावीने, याचं उत्तर या एका विभागणीने बदललं. म्हणून प्रश्नावलीत इयत्ता आणि क्लास सुटण्याची वेळ विचारलीच पाहिजे. जे विचारलं नाही ते नंतर वेगळं काढता येत नाही. शिवाय झोप येत नाही म्हणून फोन हाती घेणारी मुलंही असतात. एकदाच केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय, हे उलगडत नाही.

आकडे थोडे असण्याची मर्यादाही लिहायला हवी. ३६० पैकी ८४ मुलांवरून काढलेली ५०च्या आसपासची टक्केवारी सुमारे नऊ टक्क्यांनी वर-खाली होऊ शकते. मुलगे आणि मुली वेगळे केले की ही अनिश्चितता आणखी वाढते, त्यामुळे त्यांच्यातल्या दहा टक्क्यांच्या फरकावर काही ठामपणे सांगू नये. एखाद्या गटात चार-पाचच मुलं उरली तर त्यांची टक्केवारी छापूच नये. आकडा फसवा असतो आणि मूलही ओळखू येतं.

याच प्रश्नावलीतून निघणारा आणखी एक प्रकल्प मला झोपेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो : फोन कुणाचा? ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी जवळपास ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्के जणींकडेच. आपल्या शाळेतल्या बहिणीला घरचा फोन किती वाजता मिळतो, तेव्हा शेजारी कोण बसलेलं असतं आणि किती वेळाने तो परत द्यावा लागतो, हे तीन प्रश्न ‘काल’च्या त्याच रकान्यांखाली सहज मावतात.