पूर आला, पण माल कधी यायचा होता?

समजा, सांगलीत तुमचा पंप बनवण्याचा छोटा कारखाना आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीला तुम्ही ५०० कास्टिंगची ऑर्डर दिली. दर नगाला ४०० रुपये, मुदत १० जुलै. माल आला नाही. २३ जुलैला पंचगंगेला पूर आला आणि २८ तारखेला फाउंड्रीचं पत्र आलं : करारातल्या ‘फोर्स मेज्युअर’ कलमानुसार आमच्यावर जबाबदारी नाही.

पूर खरा आहे, म्हणून मालकाला वाटतं, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण आधी तारखा पाहा. माल १० तारखेला चुकला, पाणी १३ दिवसांनी आलं. आधीच मोडलेल्या कराराला नंतरचा पूर सहसा वाचवत नाही. २०२० मध्ये हॅलिबर्टन आणि वेदांता यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. कंत्राटदाराचं काम लॉकडाऊनच्या आधीपासूनच रखडलेलं होतं, त्यामुळे त्याला कोरोनाची सबब मिळाली नाही.

मुदत ३० जुलै असती तर? मग करार काढून ते कलम शब्दन् शब्द वाचायचं. हे कलम म्हणजे कोणत्या संकटात सूट मिळेल, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यात पुराचा उल्लेख आहे का? सूचना किती दिवसांत द्यायची? आणि मुख्य म्हणजे, माल पुरामुळेच अडला का? भट्टीत पाणी शिरलं असेल तर कारण पटतं. भट्टी चालू होती आणि माल मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला, तर पटत नाही. म्हणून पत्राला उत्तर देताना पंचनामा, फोटो आणि त्या दिवसांतल्या मालाच्या पाठवणीचे कागद मागा.

‘कच्चं लोखंड महागलं’ हे कारण तर सहसा टिकतच नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागल्यामुळे वीज कंपन्यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात तो नाकारला. करार पाळणं महाग पडलं, म्हणून ते अशक्य झालं असं होत नाही.

आता पैशांचं. समजा, तेच कास्टिंग तुम्ही दुसरीकडून ४६० रुपयांनी घेतलं. कलम लागू नसेल, तर नगामागे ६० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई म्हणून मागता येतात. मात्र वाजवी दरात माल मिळत असताना हात बांधून बसलात, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान तुमचंच. कलम लागू असेल, तर हा फरक तुम्हीच सोसायचा. तरीही बहुतेक करारांत हे कलम मुदत फक्त पुढे ढकलतं आणि ठरावीक दिवसांनंतर करार संपवायची मुभा देतं. ते दिवस किती आणि करार संपला तर ॲडव्हान्सचं काय, हे त्याच परिच्छेदाच्या शेवटी शोधा.