मापांकाच्या असमानता आणि प्रतलावरचे प्रदेश

संमिश्र संख्या z = x + iy ही प्रतलावरचा (x, y) हा बिंदू म्हणून दाखवता येते. कास्पर वेसेल या सर्वेक्षकाने १७९७ मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे ही मांडणी ठेवली आणि १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आर्गांने तीच स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. या चित्रात |z| म्हणजे z चा मापांक, अर्थात आरंभबिंदूपासून z चे अंतर. त्याचप्रमाणे |z − a| हे z आणि a या दोन बिंदूंमधले अंतर असते. मापांकाची असमानता दिली की कोणत्या बिंदूपासूनच्या अंतराबद्दल ती बोलते, हे आधी पाहावे.

|z − 1| ≤ 2 ही असमानता सांगते की z चे 1 या बिंदूपासूनचे अंतर 2 पेक्षा जास्त नाही. अशा सर्व बिंदूंची मिळून एक भरीव चकती होते. तिचे केंद्र (1, 0) आणि त्रिज्या 2. वास्तव अक्षाला ती −1 आणि 3 या ठिकाणी छेदते. आकडेमोडीनेही हेच मिळते: z − 1 = (x − 1) + iy, म्हणून मापांकाचा वर्ग (x − 1)² + y² आणि असमानता (x − 1)² + y² ≤ 4 अशी होते. 2 + i हा बिंदू घेतला तर 1 पासून त्याचे अंतर √2, म्हणजे सुमारे 1.41, तो चकतीत आहे. −1 + i चे अंतर मात्र √5, म्हणजे सुमारे 2.24, तो बाहेर राहतो.

चिन्हात ‘≤’ असेल तर परिघावरचे बिंदूही प्रदेशात येतात आणि परीघ अखंड रेषेने काढतात. ‘<’ असेल तर परीघ वगळला जातो. तो तुटक रेषेने दाखवतात. चिन्ह उलटून |z − 1| ≥ 2 झाले, तर चकतीच्या बाहेरचे सारे प्रतल परिघासह मिळते.

सर्वाधिक चुका केंद्र ओळखताना होतात. |z + 2i| < 3 मध्ये केंद्र 2i नसून −2i आहे, कारण z + 2i = z − (−2i). तसेच |2z + 4i| < 6 मध्ये z चा सहगुणक 1 नाही, त्यामुळे त्रिज्या 6 म्हणता येत नाही. आधी 2 बाहेर काढला की 2|z + 2i| < 6, म्हणजे पुन्हा |z + 2i| < 3 हीच चकती मिळते.

दोन्ही बाजूंना मापांक असला, तर दोन अंतरांची तुलना होते. |z − 1| ≤ |z + 2| म्हणजे z हा −2 पेक्षा 1 ला जवळचा, किंवा दोघांपासून समान अंतरावरचा. समान अंतरावरचे बिंदू त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतात. तो येथे x = −1/2 ही उभी रेषा आहे. म्हणून उत्तर त्या रेषेसह तिच्या उजवीकडचे अर्धप्रतल.

एका बाजूला गुणक आला की सीमा बदलते. |z − 1| ≤ 2|z + 2| ही असमानता घ्या. दोन्ही बाजू ऋण नसल्यामुळे वर्ग करताना चिन्ह बदलत नाही:

(x − 1)² + y² ≤ 4(x + 2)² + 4y²

कंस सोडवून सर्व पदे उजवीकडे नेली आणि 3 ने भागले, की x² + 6x + 5 + y² ≥ 0 उरते. पूर्ण वर्ग केल्यावर ते असे दिसते:

(x + 3)² + y² ≥ 4

सीमा हे −3 केंद्राचे, 2 त्रिज्येचे वर्तुळ आहे. पण प्रदेश त्याच्या बाहेरचा! मूळ असमानतेत ‘≤’ दिसले म्हणून आतला भाग रंगवणारा येथे फसतो. एक बिंदू तपासला की शंका मिटते. z = −2 हा वर्तुळाच्या आत आहे; तो मूळ असमानतेत घातला तर डावीकडे 3 आणि उजवीकडे 0 येते. 3 ≤ 0 खोटे आहे, म्हणून आतला भाग नको.

दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांचे गुणोत्तर ठरावीक आणि 1 पेक्षा वेगळे असले, की बिंदू अशा वर्तुळावर येतात. त्याला अपोलोनियसचे वर्तुळ म्हणतात. वरच्या उदाहरणात 2 ऐवजी 1.1 घेतल्यास त्रिज्या सुमारे 15.7 होते. गुणक 1 च्या जसा जवळ जाईल तसे वर्तुळ मोठे होत जाते, आणि 1 झाला की वर्तुळाऐवजी x = −1/2 ही आधीचीच रेषा उरते.