हातवाऱ्यांच्या इमोजी (भाग ४) : शिंगं कुणाला दाखवता?

मागच्या भागात ओकेचं 👌 पाहिलं. आज शिंगांची 🤘 पाळी.

२ जुलै २००९. पोर्तुगालच्या संसदेत खाणींच्या प्रश्नावरून खडाजंगी चालली होती. तेवढ्यात अर्थव्यवहार मंत्री मानुएल पिन्यू यांनी दोन्ही तर्जन्या स्वतःच्या कपाळाशी नेल्या आणि कम्युनिस्ट गटनेत्याला शिंगं करून दाखवली. कॅमेऱ्यांनी ते टिपलं आणि त्याच दिवशी मंत्रिमहोदयांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्याला हा पोरकटपणा वाटेल. पण पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि ब्राझीलमध्ये शिंगं असलेला पुरुष म्हणजे ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते असा नवरा. शिवी पुरुषाला आणि चिखलफेक तिथे हजरही नसलेल्या बाईवर, म्हणून मला ती फार हीन वाटते.

याच शिंगांचं एका हाताचं रूप म्हणजे तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं अंगठ्याखाली. इटलीत तेही चालतं, पण तिथे सगळा खेळ दिशेचा आहे. बोटं जमिनीकडे वळवली, तर ती अशुभ टाळण्यासाठी. आपण दृष्ट काढतो त्याच भावनेनं. तीच बोटं माणसाकडे रोखली किंवा त्याच्या डोक्यामागे उभी केली, की शिवी. २००२ साली युरोपीय मंत्र्यांच्या सामूहिक फोटोत इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या डोक्यामागे अशीच शिंगं धरली आणि टीका ओढवून घेतली.

ही खूण रॉक संगीतात लोकप्रिय केली ती रॉनी जेम्स डिओ या गायकानं. त्याचं घराणं मूळचं इटालियन. आजी दृष्ट टाळायला असं करायची, हे तो सांगत असे. १९७९मध्ये तो ‘ब्लॅक सबाथ’मध्ये आला आणि ही खूण मैफलींमध्ये करू लागला. चाहत्यांनी ती उचलली. २०१५मध्ये तिची इमोजी आली, तेव्हा जगातल्या बहुतेकांच्या मनात तिचा अर्थ ‘धमाल’ असाच होता.

अडचण इथेच आहे. इमोजीतली बोटं फक्त वर बघतात. खाली वळलेली शिंगं कीबोर्डवर नाहीतच. हात कुणाकडे रोखलाय, करणाऱ्याचा चेहरा हसरा आहे की रागीट, हेही दिसत नाही. ते सगळं वाचणारा आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवतो. मैफलीच्या फोटोखाली 🤘 टाकलं तर रोममधला तरुणही ते रॉकचंच समजेल. पण लिस्बनमधल्या सहकाऱ्यानं बायकोसोबतचा फोटो टाकला आणि तुम्ही कौतुकानं त्याखाली तेच चिन्ह ठेवलं, तर अर्थ थेट घरापर्यंत पोचतो.

त्यात 🤟 हे त्याच्यासारखंच दिसतं. त्यात अंगठा मोकळा असतो, आणि अमेरिकी सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. घाईत एकाऐवजी दुसरं सहज जातं. तेव्हा पोर्तुगालमधल्या नातलगांना किंवा इटलीतल्या मित्रांना पाठवण्याआधी अंगठा कुठे आहे ते बघा, आणि लग्नाच्या फोटोखाली सरळ शब्दांत अभिनंदन लिहा.