ओळख मज्जासंस्थेची – भाग ९ : तोंड वाकडं झालं, आता कपाळ पाहा

गेल्या आठवड्यात पक्षाघाताच्या खुणांमध्ये वाकड्या तोंडाचा उल्लेख आला होता. पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं म्हणजे दर वेळी पक्षाघातच असतो असं नाही. बिघाड मेंदूत आहे, चेहऱ्याच्या नसेत आहे की कानात, हे ओळखलं की उपचारांची दिशा ठरते. आज एका रुग्णाच्या आधारे ते पाहू.

४४ वर्षांच्या एक शिक्षिका. मधुमेहाच्या गोळ्या चालू. आदल्या संध्याकाळी उजव्या कानामागे दुखत होतं. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं, चहा बेचव लागला आणि दुपारपर्यंत उजवा डोळा पुरता मिटेनासा झाला. घरचे म्हणाले पक्षाघात, शेजारच्या काकू म्हणाल्या गार वारा लागला, मालिश करून घे. सुदैवाने त्या दुपारीच दवाखान्यात आल्या.

आधी त्यांना भुवया वर करायला सांगितलं. कपाळाच्या डाव्या अर्ध्या भागावर आठ्या पडल्या, उजवा अर्धा सपाटच राहिला. मग डोळे घट्ट मिटायला सांगितले. उजवी पापणी अर्ध्यावर थांबली आणि फटीतून बुबुळ वर वळताना दिसलं.

कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळते, तर गाल-ओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून. म्हणून एका अर्धगोलात पक्षाघात झाला, तर तोंडाचा कोपरा ओघळतो, पण कपाळावर आठ्या पडतात. नसच निकामी झाली, तर कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू जाते. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली की तिथे फुगायला जागा नसते आणि ती चेपली जाते. स्पष्ट कारण न सापडता असं घडलं, तर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. ती काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढत जाते. पक्षाघात मात्र बहुधा क्षणात येतो.

या खुणेलाही मर्यादा आहे. मेंदूच्या देठात गुठळी अडकली, तर कपाळही जाऊ शकतं. पण तेव्हा बहुतेक वेळा एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, हातापायात अशक्तपणा किंवा बोबडं बोलणं सोबत असतं. शिक्षिकाबाईंना यातलं काही नव्हतं.

मग कान. दुर्बिणीने पडदा पाहिला, तो स्वच्छ होता. तो लाल, फुगलेला असता किंवा कानातून पू येत असता, तर मधल्या कानाचा संसर्ग धरून प्रतिजैविकं आणि कानाच्या सर्जनची मदत लागली असती. जुना, घाण वास येणारा स्राव असेल तर हाड कुरतडणारा रोग असू शकतो, त्याला शस्त्रक्रिया लागते. कानाच्या पाळीवर पाणीदार फोड, तीव्र वेदना आणि ऐकू कमी येणं म्हणजे नागीण. तिच्यात स्टिरॉइडसोबत विषाणूविरोधी औषधही देतात.

हे सगळं बाजूला पडल्यावर बेल्स पाल्सी ठरली आणि प्रेडनिसोलोन सुरू केलं : २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. स्कॉटलंडमधल्या ज्या चाचणीत हाच डोस वापरला होता, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. म्हणजे अनेक जण औषधाविनाही बरे होतात, पण स्टिरॉइडने ते प्रमाण वाढतं. मात्र गोळ्या लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. मधुमेह असला म्हणून त्या आपोआप टाळायच्या नसतात, पण साखर वाढते. म्हणून बाईंना रोज साखर तपासायला सांगितली आणि त्यांच्या गोळ्यांचा डोस वाढवला.

गोळीइतकंच डोळ्याला जपावं लागतं. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी हलकेच चिकटपट्टीने मिटवायची. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

बाईंच्या ओठांत तिसऱ्या आठवड्यात हालचाल दिसू लागली. तीन महिने उलटूनही काहीच हललं नसतं, किंवा अशक्तपणा आठवड्यांमागून आठवडे वाढत गेला असता, तर गाठीची शंका धरून एमआरआय करावा लागला असता.

कपाळाची परीक्षा डॉक्टरांसाठी आहे, घरी बसून निदान करण्यासाठी नाही. तोंड अचानक वाकडं दिसलं, तर वेळ लिहून ठेवा आणि १०८ला फोन करा. पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. मालिश, शेक यांत ते तास घालवू नका.