काढता न येणारं ॲप

व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून एक फाईल येते. नाव असतं ‘RTO Challan.apk’. कधी लग्नाची पत्रिका असते, कधी पीएम किसानचा हप्ता. गाडीला दंड बसला की काय या धास्तीने माणूस फाईल उघडतो, फोन दोन-तीन परवानग्या मागतो, तो ‘Allow’ दाबत जातो. पुढे काहीच दिसत नाही. मात्र थोड्या वेळाने बँकेचे ओटीपी न मागता येऊ लागतात, आणि ॲप काढायला जावं तर फोन काढू देत नाही.

ओळखीच्या एका शिक्षिकेच्या फोनवर नेमकं हेच झालं होतं. ॲपचं चिन्ह मुख्य स्क्रीनवरून गायब झालेलं. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत बरंच खाली गेल्यावर ‘System Service’ नावाचं काहीतरी सापडलं. ‘Uninstall’ दाबलं की फोन सांगायचा, हे ॲप डिव्हाइस ॲडमिन आहे, आधी ते निष्क्रिय करा. ते करायला गेलं की सेटिंगचं पान उघडायचं आणि डोळ्यांदेखत आपोआप बंद व्हायचं. त्यांना वाटलं फोन बिघडला. फोन ठणठणीत होता. ॲपला जे अधिकार मिळाले होते, ते वापरून ॲप स्वतःला वाचवत होतं.

हे अधिकार अँड्रॉइडमध्ये चोरांसाठी आलेले नाहीत. 2010 साली अँड्रॉइड 2.2 आलं तेव्हा कार्यालयांच्या सोयीसाठी गूगलने ही व्यवस्था केली. कर्मचाऱ्याच्या फोनवर कंपनीची ईमेल असेल, तर कंपनीला काही गोष्टींची खात्री हवी असते: फोनला पासवर्ड आहे, आणि फोन हरवला तर दुरून कुलूप लावता येईल किंवा आतला मजकूर पुसता येईल. ज्या ॲपला हा अधिकार दिला, ते कर्मचाऱ्याने सहज काढून टाकलं तर बंदोबस्ताला अर्थ उरत नाही. म्हणून नियम असा की अधिकार चालू असेपर्यंत ॲप काढता येणार नाही. हा नियम चोरांनी हेरला. 2013 मध्ये कॅस्परस्कीने ‘ओबॅड’ नावाचं एक ॲप उघडकीला आणलं. अँड्रॉइडमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन ते ॲडमिनच्या यादीतच दिसत नसे, म्हणजे अधिकार काढून घेण्याची जागाच वापरणाऱ्याला सापडत नसे. ती पळवाट पुढे बुजवली गेली. पुढच्या आवृत्त्यांत गूगलने हे अधिकार बरेच छाटले. अँड्रॉइड 7 पासून असं ॲप आधीच लावलेला पासवर्ड बदलू शकत नाही. तरीही काढू न देण्याचा मूळ नियम अजून आहे.

पान आपोआप बंद होण्यामागे मात्र ॲडमिनचा हात नसतो. ते काम दुसऱ्या परवानगीचं, ‘Accessibility’चं. ही सोय दृष्टिहीनांसाठी आहे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणं दाबणाऱ्या ॲपना ती लागते. ती चोराच्या हाती पडली की त्याच्या ॲपला स्क्रीनवर काय उघडलंय ते दिसतं, आणि ॲडमिनचं पान दिसताच ते स्वतःच ‘मागे’ जाण्याची आज्ञा देतं. एका परवानगीने ॲप काढण्याची वाट अडते, दुसरीने त्या वाटेकडे पोचूच दिलं जात नाही. हा जोड लक्षात आला की उपायही सुचतो: ॲपशी झटापट करत बसायचं नाही, ते चालूच होणार नाही अशा स्थितीत फोन न्यायचा.

पण त्याआधी विमान मोड लावा आणि वायफाय वेगळं बंद झालंय याची खात्री करा. तुमचे एसएमएस बाहेर पाठवण्यासाठी ॲपला नेटवर्क लागतं. ते तुटलं की ओटीपी बाहेर जाणं थांबतं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थोपवायला सांगा. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक लगेच लावा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत ते गोठवण्याची संधी इथेच असते, त्यामुळे ॲप काढण्याचं काम तासभर मागे पडलं तरी चालेल. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या उपकरणावरून. बाधित फोनवर टाइप केलेलं सगळं ॲप वाचत असू शकतं.

आता सेफ मोड. या स्थितीत अँड्रॉइड फक्त फोनसोबत आलेली ॲप चालवतं, बाहेरून घेतलेली सगळी गप्प बसतात. बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण दाबून मेन्यू आणायचा आणि ‘Power off’ या शब्दांवर बोट दाबून धरायचं, की फोन सेफ मोडबद्दल विचारतो. काही कंपन्यांच्या फोनवर हे चालत नाही. तिथे फोन बंद करून पुन्हा चालू करताना कंपनीचं नाव उमटलं की आवाज कमी करण्याचं बटण दाबून धरावं लागतं. जमलं की नाही हे स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात दिसतं: तिथे ‘Safe mode’ असं लिहिलेलं असतं. ते दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा प्रयत्न करा. मुख्य स्क्रीनवरची काही चिन्हं फिकी होतात, विजेट नाहीसे होतात, त्याने घाबरायचं कारण नाही.

सेटिंगमध्ये आधी ‘Accessibility’ उघडा. तिथे डाउनलोड केलेल्या ॲपच्या सेवा वेगळ्या दाखवलेल्या असतात. आपण स्वतःहून चालू न केलेली सेवा बंद करा. मग सेटिंगच्या शोधपट्टीत `device admin` टाका. प्रत्येक कंपनीने हे पान वेगवेगळ्या कप्प्यात ठेवलंय, त्यामुळे वाट पाठ करण्यापेक्षा शोधणं सोपं. `Device admin apps` ही यादी उघडेल.

या यादीत दिसणारं प्रत्येक नाव गुन्हेगाराचं नसतं. हरवलेला फोन शोधणारी गूगलची सेवा इथे असते, ती चालू राहू द्या. कार्यालयाची ईमेल असेल तर तिचंही ॲप असू शकतं. संशयित नावावर बोट ठेवलं की त्याला दिलेले अधिकार वाचायला मिळतात: सगळा मजकूर पुसणं, स्क्रीनला कुलूप लावणं, पासवर्डचे नियम ठरवणं. चलन दाखवणाऱ्या ॲपला यातलं काहीच लागत नाही. ‘System Service’, ‘Google Update’ अशा भारदस्त नावांची खात्री करण्याचा एक चांगला मार्ग ॲपच्या माहितीच्या पानावर आहे. फोनसोबत आलेल्या खऱ्या ॲपच्या पानावर ‘Disable’ असतं. ‘Uninstall’ दिसत असेल आणि ते प्ले स्टोअरवरून आल्याचा उल्लेख नसेल, तर ते बाहेरून आलेलं आहे, नाव काहीही असो.

खात्री झाली की ‘Deactivate’ दाबा. कधी कधी इथे एक इशारा येतो: असं केल्यास तुमचे सगळे फोटो नष्ट होतील, फोन बंद पडेल. हा इशारा अँड्रॉइडचा नसतो. निष्क्रिय करताना आपलं म्हणणं दाखवण्याची मुभा अँड्रॉइडने त्या ॲपला दिलेली असते, आणि चोर तिचा उपयोग धमकीसाठी करतो. पण निव्वळ थाप म्हणून ती उडवून लावणंही बरोबर नाही. इशाऱ्याच्या त्या क्षणी ॲपचे अधिकार शाबूत असतात, आणि चालू स्थितीतलं ॲप स्क्रीनला कुलूप लावू शकतं. मजकूर पुसण्याचा अधिकार असेल तर तोही वापरू शकतं. हे काम सेफ मोडमध्येच करा असा माझा आग्रह आहे तो यासाठी. तिथे ॲप झोपलेलं असतं, त्यामुळे बहुधा इशाराही येत नाही.

शिक्षिकेच्या फोनवर सेफ मोडमध्ये पान स्थिर राहिलं. ॲक्सेसिबिलिटी बंद केली, अधिकार काढला, ॲपच्या पानावर ‘Uninstall’ दाबलं आणि ते गेलं. फोन नेहमीसारखा सुरू केल्यावर यादी पुन्हा पाहिली. हे दुसऱ्यांदा पाहणं टाळू नका. काही ॲप आपल्यासोबत दुसरं ॲप उतरवून घेतात, आणि ते राहिलं तर पहिलं परत येतं. डाउनलोडच्या फोल्डरमधली मूळ एपीके फाईलही काढून टाकावी लागते.

संगणक वापरणारे इथे एडीबीचा मार्ग सुचवतात. त्याची मर्यादा माहीत असलेली बरी. केबल जोडून ही आज्ञा दिली की बाहेरून आलेल्या ॲपची यादी मिळते, आणि चिन्ह लपवलेलं ॲपही तिच्यात दिसतं:

```
adb shell pm list packages -3
```

इथवर उपयोग चांगला. पण ॲडमिनचा अधिकार चालू असताना `adb uninstall` केलं तर उत्तर येतं `DELETE_FAILED_DEVICE_POLICY_MANAGER`. म्हणजे तोच नियम संगणकावरूनही लागू आहे. अधिकार काढणारी `dpm remove-active-admin` ही आज्ञा आहे खरी, पण ती फक्त चाचणीसाठी बनवलेल्या ॲपवर चालते. चोराने आपल्या ॲपवर तशी खूण ठेवलेली नसते. त्यामुळे अधिकार फोनवरच काढावा लागतो.

सेफ मोडमध्येही काम झालं नाही, किंवा पैसे गेलेत आणि फोनवर भरवसा उरला नाही, तर फॅक्टरी रीसेट. फोटो आणि संपर्क आधी बाहेर काढा, पण जुन्या एपीके फाईली त्यात येऊ देऊ नका. गूगल खात्याचा पासवर्ड हाताशी हवा. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केलं तर फोन सुरू होताना आधीचंच खातं मागतो, आणि पासवर्ड आठवला नाही तर स्वतःचाच फोन स्वतःला उघडता येत नाही. पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर रीसेटच्या आधी ॲपचं नाव, परवानग्यांची पानं आणि मूळ संदेश यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

एका प्रकारच्या फोनवर यातलं काही चालणार नाही. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्जकंपनीचं ॲप, आणि कार्यालयाने दिलेल्या फोनमध्ये कार्यालयाचं, ‘डिव्हाइस ओनर’ म्हणून बसवलेलं असतं. हा ॲडमिनपेक्षा वरचा दर्जा आहे, तो फोन पहिल्यांदा सुरू करतानाच दिला जातो आणि ‘Deactivate’ने निघत नाही. तिथे हप्ते फेडून किंवा कार्यालयाला सांगूनच ते ॲप काढून घ्यावं लागतं.

राहिली फाईल पाठवणाऱ्याची गोष्ट. ती ओळखीच्या नंबरावरून आली, कारण बहुतेक वेळा त्या माणसाचंही व्हॉट्सॲप चोराच्या ताब्यात असतं. आपल्या व्हॉट्सॲपमध्ये ‘Linked devices’ उघडून अनोळखी उपकरण असेल तर ते काढा. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुणा परक्या नंबरावर लागलंय का तेही बघा. आणि त्या माणसाला संदेश पाठवण्याऐवजी सरळ फोन करा, कारण संदेश त्याच्याआधी चोर वाचेल.