फीपेक्षा सुट्टी महाग

क्लाउडची परीक्षा द्यायची आहे, फी कंपनीने द्यावी आणि अभ्यासाला दोन दिवस सुट्टी मिळावी, असा मेल मॅनेजरला लिहायला बसलेली बहुतेक मंडळी सगळा जोर फीवर लावतात. परीक्षा किती महत्त्वाची आहे, बाजारात तिला किती मागणी आहे, आपल्याला शिकायची किती आवड आहे, हे दोन-तीन परिच्छेद लिहून होतं. सुट्टीचा विषय येतो तो अगदी शेवटी, संकोचत, एका ओळीत. माझ्या मते हे नेमकं उलट व्हायला हवं. मॅनेजरला फी सहसा जड वाटत नाही, त्याला जड वाटतात ते दिवस.

एक उदाहरण घेऊन बघू. हिंजवडीतली एक मध्यम आकाराची सेवा कंपनी. तिथली एक इंजिनिअर अमेरिकेतल्या ग्राहकाच्या प्रोजेक्टवर काम करते. तिला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ ही परीक्षा द्यायची आहे. परीक्षेचा सध्याचा कोड SAA-C03. पासष्ट प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० गुण मिळाले की पास. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. फी १५० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर १५,५७६ रुपये.

आता सुट्टीचा हिशेब. सेवा कंपनीत इंजिनिअरचे तास ग्राहकाला लावले जातात. ती ज्या दिवशी कामावर नाही, त्या दिवसाचं बिल होत नाही. समजा तिचा दर तासाला २५ डॉलर आहे. आठ तासांचे दोन दिवस म्हणजे ४०० डॉलर, साधारण ३५,२०० रुपये. फीच्या दुपटीहून जास्त. हा आकडा मॅनेजर तोंडाने बोलून दाखवणार नाही, पण मेल वाचताना तो त्याच्या डोक्यात असतो. शिवाय फीचे पैसे ट्रेनिंगच्या बजेटमधून निघतात, तर बुडालेले तास त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टच्या आकड्यांत दिसतात. म्हणून ज्या मेलमध्ये दिवसांची व्यवस्था नीट लावून दिलेली असते, त्या मेलला हो म्हणणं सोपं जातं.

अभ्यासाची सुट्टी हा खासगी नोकरीत कायद्याने मिळालेला हक्क नाही, हेही इथे समजून घ्यायला हवं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, सणांच्या सुट्ट्या आहेत. परीक्षेसाठी वेगळी रजा त्यात नाही. काही कंपन्यांच्या धोरणात ती असते, काहींच्या नसते. नसेल तर सगळं मॅनेजरच्या मर्जीवर. त्यामुळे ‘स्टडी लीव्ह’ असा शब्द मेलमध्ये टाकण्याआधी एचआरच्या पोर्टलवर ती आहे का, किती दिवसांची आहे आणि तिला आधी मंजुरी लागते का, हे तीन मुद्दे वाचून घ्यावेत.

आपल्या इंजिनिअरने आणखी एक गोष्ट आधी तपासली. दीड वर्षापूर्वी तिने याच कंपनीची ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ ही पायाभूत परीक्षा स्वतःच्या पैशाने दिली होती. एक परीक्षा पास झाली की पुढच्या परीक्षेच्या फीत ५० टक्के सवलत मिळते. ती सवलत प्रमाणपत्राच्या खात्यात पडून असते आणि कित्येकांच्या लक्षातही येत नाही. तिची अजून शिल्लक होती. म्हणजे फी ७५ डॉलरवर आली, करासह ८८.५० डॉलर, साधारण ७,७८८ रुपये. स्वतःच्या खर्चाने मिळवलेली सवलत ती कंपनीच्या खर्चात घालते आहे, ही गोष्ट मेलमध्ये एका साध्या वाक्यात सांगण्यासारखी आहे.

मग तारीख. २०२६ मध्ये १९ फेब्रुवारी, शिवजयंती, गुरुवारी येते आणि तिच्या कंपनीच्या यादीत ती सुट्टी आहे. तिने परीक्षा शुक्रवारी, २० तारखेला धरली आणि रजा बुधवारी व शुक्रवारी मागितली. रजा दोन दिवस, पण परीक्षेसकट सलग तीन दिवस हातात. तिच्या टीमचं रिलीज १२ फेब्रुवारीला संपतं, म्हणजे त्याच्या गडबडीत ती गैरहजर नाही. निकालाला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात, तरी फेब्रुवारीअखेर तो हातात येईल आणि खर्चाचा दावा ३१ मार्चच्या आत लागेल. परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली असती, तर निकाल एप्रिलमध्ये आला असता, आणि ‘हा खर्च कोणत्या वर्षाचा’ या प्रश्नावर दावा अकाउंट्समध्ये अडकला असता.

ऑफिसात असे मेल इंग्रजीतच जातात. त्याचा मजकूर मराठीत मांडला तर असा होईल:

विषय: क्लाउड परीक्षा, २० फेब्रुवारी: ७,७८८ रुपये आणि दोन दिवस रजेसाठी मंजुरी हवी

“सर,

मला २० फेब्रुवारीला एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी दोन गोष्टींना तुमची मंजुरी हवी आहे.

पहिली, बुधवार १८ आणि शुक्रवार २० फेब्रुवारी अशी दोन दिवस रजा. गुरुवारी सुट्टीच आहे. आपलं रिलीज १२ तारखेला होतं. या दोन दिवसांत प्रॉडक्शनवर काही आलं तर टीममधला माझा बॅकअप बघेल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. हँडओव्हरची नोट मी १७ तारखेला संध्याकाळी पाठवेन. रिलीज पुढे गेलं तर परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत तारीख बदलता येते, त्यासाठी वेगळी फी लागत नाही. बाकीचा अभ्यास मी ऑफिसच्या वेळेबाहेर करते आहे.

दुसरी, परीक्षेची फी. मूळ फी १५० डॉलर आहे. आधीच्या परीक्षेमुळे माझ्या खात्यात निम्मी सवलत आहे, ती मी इथे वापरेन. करासह ८८.५० डॉलर, आजच्या दराने सुमारे ७,७८८ रुपये. पास झाल्यावर पावती आणि निकाल जोडून दावा करेन. नापास झाले तर पुन्हा बसण्याची फी मी भरेन.

आपल्या ग्राहकाचे टेस्ट सर्व्हर रात्री आणि शनिवार-रविवारी चालूच राहतात. खर्च आवाक्यात ठेवणारी रचना हा या परीक्षेतला २० टक्के भाग आहे. परीक्षेनंतर मार्चमध्ये मी या सर्व्हरच्या वेळापत्रकाचा प्रस्ताव तुम्हाला देईन.

शुक्रवारपर्यंत कळवलंत तर मला हव्या त्या वेळेचा स्लॉट मिळेल.”

या मेलमध्ये आवड, स्वप्न, करिअर यांतलं काही नाही, आणि ते मुद्दाम. हा मेल मॅनेजरपाशी थांबत नाही. तो ‘फॉरवर्ड’ करतो, वर एक ओळ लिहितो आणि मेल एचआरकडे, तिथून अकाउंट्सकडे जातो. तिथे वाचणाऱ्याला ही मुलगी कोण, हे माहीत नसतं. त्याला आकडा, तारीख आणि पावती कधी येणार एवढंच हवं असतं. विषयाच्या ओळीत रक्कम आणि दिवस असले की त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

सर्व्हरचं वाक्यही बघा. ‘यामुळे कंपनीचा फायदा होईल’ असं लिहिणं सोपं आहे, पण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. तिने बचतीचा आकडा कबूल केलेला नाही, कारण तो तिच्या हातात नाही. तिने एक प्रस्ताव कबूल केला आहे, जो मार्चमध्ये आला की नाही हे कोणालाही दिसेल. कंपनी अ‍ॅमेझॉनची अधिकृत भागीदार असेल, तर आणखी एक वाक्य उपयोगी पडतं. भागीदारीची वरची पायरी गाठायला प्रमाणपत्रधारकांची ठराविक संख्या लागते. मात्र प्रमाणपत्र कंपनीच्या भागीदार खात्याशी जोडल्याशिवाय ते त्या संख्येत धरलं जात नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

नापास होण्याबद्दल स्पष्ट लिहिणं अनेकांना अपशकुनासारखं वाटतं. पण हा प्रश्न मॅनेजरच्या मनात येतोच. नापास झाल्यावर १४ दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा पूर्ण फी पडते. ती कोण भरणार हे आधी ठरलेलं बरं, नाहीतर वाईट निकालाच्या दिवशी हा अवघड विषय काढावा लागतो. इथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘फी मिळाली तर मी दोन वर्षं कंपनी सोडणार नाही’ असं आपणहून लिहू नये. काही कंपन्या फी दिल्यावर ठराविक काळात नोकरी सोडली तर ती परत घेतात. अशी अट असेल तर ती धोरणात असते. मुदत किती, रक्कम महिन्यागणिक कमी होते का, हे विचारून घ्यावं. आठ हजारांच्या बदल्यात दोन वर्षांचा शब्द देणं हा मला तरी महाग सौदा वाटतो.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा पावतीवर. बुकिंग करताना बिल कोणाच्या नावाचं हवं, कंपनीचा जीएसटी क्रमांक लागेल का, की क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चालेल, हे अकाउंट्सला आधी विचारायला हवं. काही ठिकाणी कंपनीकडे परीक्षेची व्हाउचर आधीच घेतलेली असतात, तिथे स्वतः पैसे भरले तर परत मिळत नाहीत. उमेदवाराचं नाव मात्र ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, द्यावं लागतं. आणि मराठी घरात वाढलेल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना या परीक्षेत ३० मिनिटं जादा मिळतात, पण त्यासाठीचा अर्ज स्लॉट घेण्याआधी करावा लागतो. नंतर लक्षात आलं तर त्या बुकिंगला तो लागू होत नाही.

या सगळ्यात सर्वात जास्त नुकसान होतं ते तोंडी होकाराने. कँटीनमध्ये मॅनेजर “कर ना, बघू आपण” म्हणतो, आपण त्याच रात्री कार्ड काढतो, आणि महिनाभरात तो मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो. नव्या माणसाला काहीच माहीत नसतं आणि त्याची चूकही नसते. तोंडी हो मिळालं तरी त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकावा: आज बोलल्याप्रमाणे एवढी रक्कम, हे दोन दिवस, कृपया याच मेलला उत्तर द्यावं. ते लेखी उत्तर येईपर्यंत परीक्षेचे पैसे भरू नका.